डायलचा फोटो बघून घड्याळ ओळखायचं कसं, मुंबईतल्या एका निळ्या सिको फाइव्हची गोष्ट

गेल्या महिन्यात भाच्याचा व्हॉट्सअॅप आला, डोंबिवलीहून, सकाळच्या लोकलमधूनच पाठवला असणार. एक फोटो आणि खाली एवढंच, "मामा हे ओरिजिनल आहे का, बावीसशे सांगतोय". फोटोत एक सिको फाइव्ह होतं. गडद निळी डायल, तीनच्या जागी वार आणि तारीख, केशरी सेकंद काटा आणि केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं धातूचं घर, इतकी चकचकीत की काल कारखान्यातून निघाल्यासारखी. विकणाऱ्याने लिहिलं होतं व्हिंटेज, जपान, ओरिजिनल, चालू कंडिशन. मी त्याला लगेच हो किंवा नाही असं काही म्हटलं नाही, कारण घड्याळाच्या बाबतीत "ओरिजिनल आहे का" हा एक प्रश्न नाहीये, त्यात तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि फोटो त्या तिघांना सारखं उत्तर देत नाही.

पहिला प्रश्न कंपनीचा, म्हणजे हे घड्याळ मुळात सिकोनेच बनवलंय का दुसऱ्याच कोणी सिकोचं नाव छापलंय. दुसरा आतल्या मशीनचा, ते सेलवर चालणारं आहे, चावीचं आहे का ऑटोमॅटिक, आणि नक्की कुठल्या नंबरचं. तिसरा म्हणजे हे सगळे भाग एकाच घड्याळाचे आहेत का चार घड्याळं खोलून एक बांधलंय आणि वरून डायल नव्याने रंगवलीय. आपल्या शहरात जुन्या सिको आणि एचएमटीच्या बाबतीत सगळ्यात जास्त गडबड या तिसऱ्या प्रश्नात असते, इतकी की जगभरातले घड्याळप्रेमी अशा रंगवलेल्या जुन्या घड्याळांना सरळ "मुंबई स्पेशल" म्हणतात. मला ते नाव ऐकून वाईट वाटतं, पण ते का पडलं ते अशी दोन-चार घड्याळं हातात घेतली की कळतं.

तर आधी कंपनी. जुन्या सिको फाइव्हचं नाव ज्या "पाच" वरून पडलं ती पाच वैशिष्ट्यं म्हणजे ऑटोमॅटिक मशीन, वार आणि तारीख एकाच खिडकीत, पाण्यापासून संरक्षण, चारच्या जागी आत बसलेली चावी आणि टिकाऊ केस व पट्टा. ही मालिका १९६३ साली सुरू झाली. यातल्या दोन गोष्टी डायलच्या फोटोत सरळ दिसतात, खिडकी आणि चावी. चावी तीनच्या जागी नसून चारच्या जागी आणि अर्धी केसमध्ये लपलेली, याचं कारण असं की घड्याळ हात हलला की आपोआप भरतं, रोज चावी द्यायची गरजच नाही, मग ती बाहेर काढून मनगटाला टोचत कशाला ठेवायची. म्हणून डायलवर पाचाची ढाल, म्हणजे ढालीच्या आकारातलं पाचाच्या आकड्याचं चिन्ह आहे पण मोठी चावी तीनच्या जागी बाहेर आलेली आहे असं दिसलं की मी लगेच थांबतो, जुन्या काळच्या सिको फाइव्हमध्ये बहुतेक वेळा असं नसतं. भाच्याच्या फोटोत चावी चारच्या जागी होती, बारीक होती, आत बसलेली होती. चांगलं. वर सिको ही अक्षरं छापलेली नव्हती, धातूची वेगळी बसवलेली होती, प्रत्येक अक्षराला स्वतःची बारीक सावली पडत होती, आणि खाली पाचाची ढालही तशीच धातूची. नवीन बनावट डायलवर हे काम सहसा छपाईत उरकलेलं असतं, कारण धातूची बारीक अक्षरं बनवून सरळ रेषेत बसवणं महाग पडतं. तेव्हा कंपनीच्या प्रश्नावर माझं उत्तर होतं, बहुतेक सिकोच.

आता मशीन. आपल्याकडे घड्याळजी मूव्हमेंट म्हणत नाहीत, मशीनच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. फोटोत मशीन दिसत नाही, पण मशीन डायलवर खुणा सोडतं आणि त्यातली सगळ्यात सोपी खूण म्हणजे सेकंद काटा. सेलवर चालणाऱ्या साध्या क्वार्ट्झ घड्याळाचा सेकंद काटा एका सेकंदाला एक उडी मारतो आणि प्रत्येक उडीनंतर मिनिटांच्या रेघेवर थांबतो, म्हणजे तो कधीही क्लिक करा, जवळजवळ नेहमी कुठल्यातरी रेघेवरच सापडतो. मेकॅनिकल घड्याळाचं तसं नाही. सिकोची त्या काळची बहुतेक ऑटोमॅटिक मशीनं तासाला २१,६०० ठोके देतात, म्हणजे सेकंदाला सहा, त्यामुळे काटा दोन रेघांच्या मध्ये सहा ठिकाणी थांबू शकतो. भाच्याच्या फोटोत केशरी काटा सत्तावीस आणि अठ्ठावीसच्या मध्ये होता. एवढ्यावरून क्वार्ट्झ बरंचसं बाद होतं. पण उलटं मात्र चालत नाही हं, काटा नेमका रेघेवर दिसला म्हणून ते क्वार्ट्झ आहे असं ठरत नाही, मेकॅनिकल काटाही कधीतरी रेघेवरून जाणारच की, आणि बंद पडलेलं घड्याळ तर कुठेही थांबतं. क्वार्ट्झमध्येही काटा नीट न बसवल्यामुळे रेघांपासून थोडा सरकलेला असतो, स्वस्तातल्या घड्याळात हे सर्रास दिसतं. म्हणून एका फोटोवर न थांबता विकणाऱ्याकडून पाच-दहा सेकंदांचा व्हिडिओ मागवायचा, त्यात टक टक दिसतं का सरसर वाहतं ते एका नजरेत कळतं.

दुसरी खूण म्हणजे डायलवरचा मजकूर. या फोटोत ढालीच्या खाली छापलं होतं ऑटोमॅटिक आणि त्याच्या खाली २१ ज्वेल्स. ज्वेल म्हणजे मशीनमध्ये चाकांच्या टोकांखाली बसवलेले कृत्रिम माणकाचे बारीक खडे, घर्षण कमी व्हावं म्हणून. सिकोच्या बहुतेक मशीनमध्ये त्यांची संख्या ठरलेली असते आणि हाच आकडा मला उपयोगी पडतो, कारण तो डायलवर छापलेला असतो आणि मशीनशी जुळायला लागतो. सिकोची मशीनं चार अक्षरांच्या नंबराने ओळखतात. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढची कित्येक वर्षं आपल्याकडे पुष्कळ आलेलं मशीन म्हणजे ७००९, त्यात १७ ज्वेल्स. नंतर नव्वदच्या दशकात ७एस२६ आलं, त्यात २१. आणि २०१९ नंतरच्या नव्या सिको फाइव्ह स्पोर्ट्समध्ये ४आर३६ असतं, त्यात २४, आणि तिची ढालसुद्धा बदललीय. म्हणजे डायल २१ म्हणतेय आणि मागच्या झाकणावर ७००९ कोरलंय असं असेल तर त्या दोघांची मुळात भेट कारखान्यात झालेली नाही, कोणीतरी नंतर घडवून आणलीय.

आणि मग येते ती ओळ जी बहुतेक लोक बघतच नाहीत. डायलच्या अगदी खाली, सहाच्या आकड्याखाली, काचेच्या कडेला चिकटून अतिशय बारीक अक्षरात एक ओळ असते. तिच्यात जपान वगैरे लिहिलेलं असतं आणि त्याच्या जवळ एक कोड, ज्याची पहिली चार अक्षरं म्हणजे मशीनचा नंबर. त्यानंतर डॅश आणि पुढे डायलचा स्वतःचा नंबर. मागच्या झाकणावरही असाच एक कोड असतो, त्याचीही पहिली चार अक्षरं मशीनची आणि पुढची केसची. आता इथे खूप जण चुकतात, डॅशच्या पुढचे आकडे जुळले नाहीत की "नकली नकली" म्हणून ओरडतात. ते जुळायलाच पाहिजेत असं नाहीये, डायलचा नंबर वेगळा आणि केसचा वेगळा असतो. जुळायला पाहिजेत ती पहिली चार अक्षरं. खाली ७००९ असेल तर मागेही ७००९.

मला ही सहाखालची ओळ संपूर्ण डायलवर सगळ्यात जास्त प्रामाणिक वाटते आणि त्याला कारण आहे. डायल पुन्हा रंगवताना आधी जुना रंग पूर्ण काढतात, म्हणजे सगळी छपाईही जाते. मग नवीन रंग मारतात आणि त्यावर जाळीच्या छपाईने किंवा शिक्क्याने नवीन मजकूर टाकतात. ऑटोमॅटिक हा शब्द मोठा आहे, तो परत टाकतात कारण गिऱ्हाईक तो वाचतं. पण सहाखालची बारीक ओळ जवळपास केसाएवढ्या जाड रेघांची असते, ती तशीच्या तशी पुन्हा छापणं कठीण असतं आणि कुणी बघत नाही म्हणून ती एकतर गाळतात किंवा जाडजूड, एकमेकांत घुसलेल्या अक्षरांत टाकतात. म्हणून ही ओळ स्वच्छ, बारीक आणि मागच्या नंबराशी जुळणारी असेल तर बाकी डायल मुळातली असण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

अडचण एवढीच की व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करतं आणि ही ओळ पहिल्यांदा मरते. म्हणून मी भाच्याला सांगितलं की विकणाऱ्याला म्हणावं फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव, साधा फोटो म्हणून नको, म्हणजे मूळ आकारात येतो. आणि पाच गोष्टी माग. डायलचा सरळ वरून काढलेला फोटो, फ्लॅश बंद, खिडकीजवळच्या उजेडात. सहाच्या भागाचा जवळून एक. घड्याळ थोडं तिरकं करून एक, म्हणजे डायलवर उजेड कसा सरकतो ते दिसेल. मागच्या झाकणाचा एक. आणि तो छोटा व्हिडिओ. झाकण उघडून मशीनचा फोटो देत असेल तर सोन्याहून पिवळं, पण कुणाला अंदाजपंचे झाकण उघडायला लावू नका, साध्या चिमट्याने झाकण ओरबाडलं जातं आणि त्या ओरखड्याचं खापर मग तुमच्यावर येतं.

संध्याकाळी फोटो आले आणि मी मोबाईल सोडून लॅपटॉपवर उघडले, मोठ्या स्क्रीनवर. मग एकेक करून बघत गेलो आणि इथून पुढे मजा नाही, मला खरंच राग येत गेला.

सहाखाली काहीच नव्हतं. नुसता निळा रंग. सिकोची जुनी डायल, आणि सहाखाली जपान नाही की कोड नाही. ही पहिली मोठी खूण.

मग मिनिटांची पट्टी, डायलच्या काठावरच्या बारीक रेघा. तासांच्या जागी धातूच्या उभ्या कांड्या बसवलेल्या होत्या आणि त्या मुळातल्याच दिसत होत्या, कारण कडांना पैलू होते. मुळातल्या डायलवर कांडीचं टोक आणि पाच मिनिटांची रेघ एकाच ओळीत येतात, कारण कांडी बसवायची भोकं आणि छपाई दोन्ही एकाच मापाने झालेली असते. इथे बाराला जुळत होतं, चारला पोहोचेपर्यंत रेघ कांडीच्या डावीकडे सरकली होती आणि आठला उजवीकडे. सगळी छपाई जराशी सरकली होती. डोळ्याला नुसतं काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं, नेमकं काय ते लगेच सांगता येत नाही, म्हणून बारा, तीन, सहा, नऊ नाही तर एक, चार, सात, दहा असं आडवंतिडवं तपासायचं, कारण छापणारा स्वतःही सरळ उभं-आडवं जुळवूनच थांबतो.

तिसरं म्हणजे रंग. सिकोच्या मुळातल्या निळ्या डायलवर बऱ्याचदा मध्यापासून काठापर्यंत अतिशय बारीक किरणं घासून काढलेली असतात, त्यावर पारदर्शक रंग असतो आणि घड्याळ फिरवलं की उजेडाचा एक पट्टा, टायसारखा, डायलवर गोल फिरतो. तिरक्या फोटोत इथे असलं काही नव्हतं, रंग सपाट होता, मेणाच्या रंगासारखा, आणि मध्यभागी काट्यांच्या भोकाभोवती जरा जाड जमला होता. पण एक सांगतो, सगळ्या सिकोंवर ही किरणं नसतात, सपाट डायलीही कंपनीने पुष्कळ बनवल्यात, त्यामुळे ही खूण एकटी पुरावा नाही, इतर खुणांच्या जोडीलाच ती वजनदार होते.

चौथी खूण मला सगळ्यात जास्त आवडते आणि तिला काही ज्ञान लागत नाही, फक्त झूम लागतं. वार-तारखेच्या खिडकीची कड. डायल म्हणजे पितळेची पातळ चकती, तिला खिडकी कापलेली. नवीन रंग वरच्या पृष्ठभागावर बसतो पण खिडकीच्या आतल्या उभ्या कडेवर आणि कोपऱ्यात तो नीट जात नाही. फोटो तिप्पट मोठा केल्यावर खिडकीच्या खालच्या कडेला केसासारखी एक चंदेरी रेघ दिसली. म्हणजे ही डायल मुळात चंदेरी होती. कुणीतरी चंदेरी घड्याळाला निळं केलं, कारण निळं आणि केशरी काटा एकत्र छान दिसतात, बाजारात लवकर जातं.

काट्यांकडेही बघायला लागतं, लोक डायलमध्ये इतके अडकतात की काटे सुटून जातात. सेकंद काटा केशरी, पण तास आणि मिनिटाच्या काट्यांवर रेडियमची पांढरी पट्टी, आणि डायलवर मात्र एकाही कांडीजवळ रेडियमचा ठिपका नाही. कंपनी सहसा असं करत नाही, काटे अंधारात दिसणार आणि तास दिसणार नाहीत असं कशाला करेल. मिनिट काटा काठच्या रेघांपर्यंत पोहोचतही नव्हता, अलीकडेच थांबत होता, म्हणजे लहान डायलच्या घड्याळाचा काटा. शिवाय तास आणि मिनिट एकमेकांशी बोलतायत का तेही बघायचं. मिनिट काटा सहावर असेल तर तास काटा दोन आकड्यांच्या बरोब्बर मध्ये पाहिजे. इथे मिनिट काटा दहावर होता, म्हणजे पन्नास मिनिटं, तरी तास काटा चारच्या थोडाच पुढे, तो पाचच्या जवळ पोहोचायला हवा होता. याचा अर्थ घड्याळ नकली असा नाही, याचा अर्थ काटे कुणीतरी घाईघाईत दाबून बसवलेत.

मग मागचं झाकण. त्यावर ७००९ ने सुरू होणारा कोड होता, आणि वेगळा सहा अक्षरांचा सिरियल नंबर. या सिरियलमध्ये पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक आणि दुसरं अक्षर महिन्याचं, एक ते नऊ सरळ, मग ऑक्टोबरला शून्य, नोव्हेंबरला एन आणि डिसेंबरला डी. इथे आठ आणि एन होतं, म्हणजे १९७८ किंवा १९८८ चा नोव्हेंबर. दशक सिरियलमधून कळत नाही, ते मशीन आणि केसच्या ढबीवरून ठरवायचं असतं. जन्मतारीख ठरवून देणारे लोक दुकानांत भेटतात, त्यांना विचारा दशक कशावरून ठरवलं, मग गप्प होतात. आता माझ्याकडे ७००९ झाकण आणि २१ ज्वेल्स म्हणणारी डायल होती, म्हणजे वरती सांगितलेला मेळ न बसणारा प्रकार. ७००९ मध्ये १७ असतात.

भाच्याला मी फोनवर सांगितलं, ऐक, घड्याळ मुळात सिकोचं आहे, ऑटोमॅटिक आहे, डायल मुळात चंदेरी होती आणि ती निळी रंगवलीय, छपाई नंतरची आहे, काटे दुसरीकडचे आहेत. केसच्या कडा पॉलिश करून गोल झाल्यात, जिथे धारदार घडी हवी तिथे साबणाच्या वडीसारखी गोलाई आलीय, आणि तिकडून गेलेला धातू परत येत नाही. आत नक्की कुठलं मशीन आहे ते मात्र मी फोटोवरून सांगू शकत नाही. कारण सहाखालची ओळच नाही, डायलवरच्या मजकुराला आता काही किंमत नाही, आणि झाकण तर कुठल्याही घड्याळावर फिरवता येतं, ते काही मशीनचा दाखला नाही.

तो म्हणाला, मग रेप्लिका आहे म्हणायचं का. नाही, आणि इथे मला शब्द नीट वापरायला आवडतात. रेप्लिका म्हणजे कंपनीशी संबंध नसलेल्याने कंपनीचं नाव लावून बनवलेलं घड्याळ, आपण ज्याला फर्स्ट कॉपी म्हणतो ते. हे तसं नाही, हे खऱ्या भागांचं पण बदललेलं घड्याळ आहे, त्याला रिडायल म्हणतात, आणि भाग वेगवेगळ्या घड्याळांतले असतील तर फ्रँकन. रंगवलेली डायल विकणं हा गुन्हा नाही असं मी मानतो, बापाचं खराब झालेलं घड्याळ नव्याने रंगवून वापरणारे लोक आहेत आणि त्यात वाईट काही नाही. पण "ओरिजिनल" लिहून बावीसशे मागणं मला पटत नाही, आणि डाग पडलेली पण मुळातली डायल मी नेहमी चकचकीत रंगवलेल्या डायलपेक्षा वर धरतो, ती एकदा खरवडली की परत मिळत नाही म्हणून.

फर्स्ट कॉपीचं वाचन वेगळं पडतं म्हणून थोडक्यात तेही सांगतो. तिथे सगळं नवीन आणि चकचकीत असतं, त्यामुळे डाग-ओरखडे बघून काही मिळत नाही, तिथे डायलच्या रचनेत चूक शोधायची. सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे रोलेक्सची डेटोना, जिच्या डायलवर तीन छोट्या तबकड्या असतात. २००० सालानंतरच्या खऱ्या डेटोनामध्ये रोज धावणारा सेकंद काटा सहाच्या जागच्या छोट्या तबकडीत असतो, तीनच्या तबकडीत मिनिटं आणि नऊच्या तबकडीत तास मोजतात, आणि डायलवर तारीख नसते. मधला लांब काटा स्टॉपवॉचचा, तो बटण दाबल्याशिवाय बारावर स्वस्थ उभा असतो. आता ट्रेनमध्ये समोर बसलेल्या माणसाच्या मनगटावर मधला लांब काटा सतत फिरतोय, छोट्या तबकड्यांमध्ये वार आणि महिने लिहिलेत किंवा एका तबकडीत चोवीस तास, तर आत कुठलंतरी स्वस्त मशीन आहे आणि डायलची रचना त्या मशीनला सोयीची करून घेतलीय. हेच फोटोवरून नकली पकडायचं मुख्य सूत्र आहे, मशीन जे करू शकत नाही ते डायल दाखवू शकत नाही, म्हणून बनावट घड्याळ बनवणाऱ्याला रचना मोडावी लागते. पण ज्या कॉपीत खास त्याच रचनेचं मशीन बसवलेलं असतं आणि छपाईही उत्तम असते, तिथे डायलचा फोटो अपुरा पडतो, मी काय कुणीच फक्त फोटोवरून छातीठोकपणे सांगू नये. ती घड्याळं उघडूनच बघायला लागतात.

परत भाच्याच्या घड्याळाकडे. त्याला ते तरीही आवडलं होतं, रंगवलेलं आहे हे कळल्यावरही, आणि मला त्यात गैर वाटलं नाही. विकणाऱ्याला त्याने खिडकीच्या कडेचा मोठा केलेला फोटो पाठवला, काही भांडण नाही, फक्त लिहिलं की डायल मुळात चंदेरी होती असं दिसतंय. समोरून बारा तास काही आलं नाही, मग आलं बाराशे चालेल का.

घेतल्यावर आम्ही ते दादरला एका ओळखीच्या घड्याळजींकडे नेलं, सत्तरी पार केलेले गृहस्थ, खिडकीशेजारी बसतात. त्यांनी आधी चावीची तपासणी केली, आणि ती तुम्हीही करू शकता कारण त्यात काही उघडायचं नसतं. ७००९ मध्ये चावी एक खटका बाहेर ओढायची, मग एका दिशेला फिरवली की तारीख बदलते आणि उलट्या दिशेला वार. त्याच्या आधीच्या ६११९ मशीनमध्ये चावी ओढायची नाही, आत दाबायची, अर्धी दाबली की तारीख, पूर्ण दाबली की वार. यांनी ओढली आणि फिरवली, दोन्ही बदललं. मग म्हणाले, "६११९ तर नाहीच. ७००९ असेल नाहीतर ६३०९, दोन्हींची चावी अशीच चालते." झाकण उघडलं, भिंगातून बघितलं, बॅलन्सच्या, म्हणजे मागेपुढे हेलकावे घेणाऱ्या चाकाजवळच्या धातूच्या पट्टीवर कोरलं होतं ६३०९. म्हणजे झाकण ७००९ चं, मशीन ६३०९ चं, आणि डायल कुठली ते देव जाणे. मी म्हटलं होतं मशीन फोटोवरून सांगता येणार नाही, आणि ते खरं ठरलं याचा मला आनंद झाला असं नाही, पण भाच्याला मी अंदाज ठोकला असता तर चुकलाच असता.

साफसफाई करताना त्यांनी काटे काढून डायल उचलली आणि आम्हाला जवळ बोलावलं. डायलच्या काठावर, जिथे ती केसच्या आतल्या रिंगखाली दबलेली असते, तिथे रंगवणाऱ्याने रंग ओढलेला नव्हता. बारीक पण पूर्ण गोल अशी चंदेरी कड, आणि त्या कडेवर सहाच्या बरोब्बर खाली, अर्धी रिंगखाली गेलेली, जुन्या छपाईची अर्धवट पुसलेली सावली. अक्षर एकही धड वाचता येत नव्हतं. घड्याळजींनी डायल चिमट्यात धरून उजेडात तिरकी केली, भाच्याने मोबाईलने त्या कडेचा फोटो काढला, आणि मग त्यांनी ती कापडावर ठेवून मशीनला तेल द्यायला सुरुवात केली.